वार्षिक दिनासाठी टीमची कविता: सोळा मात्रांत एक रात्र

एचआरवाल्या ताई जानेवारीत, गड्ड्याची यात्रा संपता संपता, टेबलापाशी येऊन म्हणतात, "ओ सर, तुम्ही लिहिता ना काहीतरी? ॲन्युअल डेला टीमवर एक कविता करा की, यमक जुळणारी." आपण हो म्हणतो आणि घरी जाऊन 'टीमने खूप मेहनत केली' अशी ओळ लिहून बसतो. पुढे काहीच सुचत नाही. मी सोलापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि हे काम माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. ज्यांच्याकडे ते पहिल्यांदाच आलंय, त्यांच्यासाठी मी एक कविता सुरुवातीपासून शेवटपर्यंत कशी केली ते सांगतो.

आधी वेळ विचारा

कागद घेण्याआधी ताईंना दोन गोष्टी विचारा. किती मिनिटं मिळणार आणि कविता जेवणाच्या आधी आहे की नंतर? जेवणाआधीच्या कार्यक्रमात माणसं दोन मिनिटांच्या पुढे कविता ऐकत नाहीत, मग ती कितीही चांगली असो. सोळा मात्रांची एक ओळ सावकाश म्हणायला साधारण चार सेकंद लागतात. वीस ओळी म्हणजे ऐंशी सेकंद, आणि हशा-टाळ्या धरून दोन मिनिटं. म्हणून दहा द्विपदी, म्हणजे वीस ओळी, हा माझा ठरलेला आकडा आहे.

समोर कोण बसणार तेही बघा. हुतात्मा स्मृती मंदिरासारखं थिएटर असो की होटगी रोडवरचं मंगल कार्यालय, निम्म्या खुर्च्यांवर घरची माणसं असतात. आपल्याकडे त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरात तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात. त्यांना 'कर्तृत्वाचा उत्तुंग हिमालय' कळत नाही आणि 'मायक्रोसर्व्हिस'ही कळत नाही. चहा, भाकरी, बिल, रात्र हे शब्द मात्र सगळ्यांना कळतात.

मजकूर कुठून आणायचा

मॅनेजरकडून वर्षभराच्या कामगिरीची स्लाइड मागवू नका. तिच्यात टक्के असतात आणि टक्क्यांवर कोणी हसत नाही. मी आधी गिटचा इतिहास उघडतो:

```
git log --since="1 year ago" --no-merges --date=format:"%d-%m %H:%M" --format="%ad %s"
```

यात प्रत्येक बदलाची तारीख, वेळ आणि एका ओळीचं वर्णन मिळतं. रात्री दोन, अडीच, चार अशा वेळा शोधायच्या. जिथे त्या ओळीने दिसतात तिथे गोष्ट दडलेली असते. कोणी किती बदल केले याची मोजदाद `git shortlog -sn` ही आज्ञा देते, पण ती कवितेत वापरायची नाही. ज्यांनी पूर्ण वर्ष टेस्टिंग केलं किंवा गिऱ्हाइकाचे फोन घेतले, त्यांचं नाव त्या यादीत जवळपास नसतंच, आणि तेच लोक पुढच्या रांगेत बसलेले असतात.

मग त्या तारखेला जागे असलेल्यांपैकी दोघा-तिघांना चहाला न्यायचं आणि एकच विचारायचं, "त्या रात्री काय झालं होतं?" 'तुमची अचिव्हमेंट काय?' असं विचारलंत की माणूस अप्रेझलच्या भाषेत बोलायला लागतो.

त्या वर्षी मला मिळालेली रात्र अशी होती. एका टॉवेल कारखान्याचा सगळा हिशेब बेचाळीस एक्सेल फाइलींत होता. आमच्या सात जणांच्या टीमने तो मे महिन्यात एका शुक्रवारी रात्री नव्या प्रणालीत हलवला. सकाळी सहाला मालाची गाडी निघणार होती आणि तिच्याबरोबर छापील बिलं जायची होती. रात्री दोनला पहिलं बिल छापलं, तर गिऱ्हाइकाच्या मराठी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. टेस्टिंगवाल्या ताईंनी ते पाहिलं म्हणून बरं झालं. कोड लिहिणारा म्हणाला, डेटा खराब आहे. डेटाबेसवाला म्हणाला, कोड खराब आहे. चारला चहा झाला तेव्हा कळलं की नावाचा रकाना `latin1` मध्ये होता. त्यात देवनागरी अक्षर मावत नाही, आणि अक्षर एकदा `?` म्हणून साठवलं गेलं की तिथून परत मिळत नाही. रकाने `utf8mb4` करून नावं मूळ फाइलींतून पुन्हा भरावी लागली. सहाला बिलं नावांसकट बाहेर पडली.

वर्षभरात टीमने आणखीही कामं केली होती. ती मी सगळी सोडली. दहा कामांची यादी यमकात बसवली तर ती हजेरीपटासारखी वाटते. एका रात्रीची गोष्ट ऐकताना माणसं पुढे काय झालं म्हणून थांबतात.

दोन परवानग्या मात्र आधी घ्या. गिऱ्हाइकाचं नाव आणि त्याचे आकडे करारानुसार बाहेर बोलता येतात का, हे मॅनेजरला विचारा. मी नाव घातलंच नाही, 'कारखाना' हा शब्दसुद्धा नाही. दुसरी परवानगी त्या रात्रीच्या माणसांची. टेस्टिंगवाल्या ताई म्हणाल्या, "दादा, माझं नाव नका घेऊ स्टेजवर, सासूबाई पुढं बसणारेत. रात्री दोनला ऑफिसात होते हे त्यांना मी वेगळ्या पद्धतीनं सांगितलंय." म्हणून कवितेत कुणाचंच नाव नाही. नावं घालायची तर सातही घाला, नाहीतर एकही नको. राहिलेल्या सातव्याची नाराजी पुढच्या ॲन्युअल डेपर्यंत टिकते.

मात्रा मोजायला शिका

बहुतेक नवशिके यमकावर घाम गाळतात आणि ओळीची लांबी विसरतात. मग एक ओळ स्कूटरवर आणि दुसरी बैलगाडीत अशी कविता होते, आणि वाचणारा यमकाकडे पोचेपर्यंत धापा टाकतो.

मोजणी सोपी आहे. अ, इ, उ, ऋ असलेलं अक्षर एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं दोन. ठसठशीत अनुस्वार असला तर दोन. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर जोर येत असेल तर त्याच्याही दोन, जसं 'प्रश्न'मधलं प्र. पण 'जुन्या', 'नव्या', 'तुझ्या' म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर येत नाही, म्हणून तिथे एकच. शंका आली तर मोठ्याने म्हणून बघा. कान सांगेल तेच धरा.

मी दर ओळीला सोळा मात्रा घेतो, आठ आणि आठ. मध्ये किंचित थांबता येतं आणि टाळी चार मात्रांवर पडते. पहिली ओळ बघा:

मे महिन्यातिल ऊन बरे हो

मे दोन, महिन्यातिल सहा, झाले आठ. ऊन तीन, बरे तीन, हो दोन, पुन्हा आठ. मांडीवर ताल धरून म्हणा: मे महि, न्यातिल, ऊन ब, रे हो. चार टाळ्या बरोबर पडतात. 'महिन्यातील' असं शुद्ध लिहिलं तर एक मात्रा वाढते आणि तिसरी टाळी चुकते. ऱ्हस्व-दीर्घाची एवढी सवलत कवितेत चालत आली आहे. ती घ्या, पण दर ओळीत घेऊ नका.

आता इंग्रजीतून आलेल्या शब्दांचं. ते आपण जसे बोलतो तसे मोजायचे, स्पेलिंगकडे बघायचं नाही. सर्व्हर चार मात्रा, टीम तीन, कोड तीन, डेटा चार, बग दोन, रिलीज चार, टेस्टिंग पाच. 'सर्व्हर' आणि 'डेटा' चार मात्रांचे असल्यामुळे एका टाळीत नेमके बसतात, तेव्हा त्यांना मानाची जागा द्या. 'प्रोजेक्ट' पाच मात्रांचा आहे आणि 'प्रोजेक्टला' म्हटलं की सात. हा शब्द मी कवितेत येऊच देत नाही. त्याच्या जागी 'काम' म्हणतो.

ओवी-अभंगाचा साचाही चालतो, पण त्यात ऐकणाऱ्याला भक्तीची अपेक्षा असते. पोवाडा करायचा तर म्हणणारा तयारीचा हवा. प्रत्येक अक्षराचं ऱ्हस्व-दीर्घ आधीच ठरलेलं असतं अशा अक्षरगणवृत्तांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका.

यमक

यमक जुळलं असं कधी म्हणायचं? शेवटचं अक्षर आणि त्याच्या आधीचा स्वर, दोन्ही जुळले की. 'आले–गेले' जुळत नाही, फक्त 'ले' सारखा आहे. 'आले–झाले' जुळतं. पण मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे आले, झाले, केले अशी रांग लागते आणि चौथ्या द्विपदीला ऐकणारे पुढचा शब्द आपणच म्हणायला लागतात. दहा द्विपदींत क्रियापदांची यमकं तीन-चारच ठेवायची, असं माझं मोजमाप आहे.

सॉफ्टवेअरच्या शब्दांना मराठीत चांगले जोडीदार आहेत, ते आधी काढून ठेवा. कोडला गोड, जोड, तोड, खोड, फोड. बगला मग, ढग, जग, तग. डेटाला बेटा, फेटा. रिलीजला वीज, चीज. सर्व्हरला भाकर, साखर. हे शब्द एका कागदावर लिहून मग त्यातून गोष्ट सांगायची, असा माझा क्रम आहे. शब्दांच्या खेळासाठी नाव असलेले शाहीर राम जोशी या गावचे, तेव्हा सोलापूरकराने यमकाला घाबरण्यात अर्थ नाही. पण यमक आलं म्हणून व्याकरण मोडायचं नाही. माझ्या पहिल्या वर्षीची द्विपदी, लाज सोडून देतोय:

टीमने खूप मेहनत केली,
प्रोजेक्टला यशस्वी नेली.

पहिली ओळ सतरा मात्रांची, दुसरी सोळा. 'केली'ला जुळावं म्हणून 'नेली'. प्रोजेक्टला नेली म्हणजे कुणाला नेली? आणि यात घडलेलं काहीच नाही. हे कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही टीमला चिकटवता येईल. तुमच्या द्विपदीला ही कसोटी लावा: विजापूर रोडवरच्या दुसऱ्या कंपनीने ती जशीच्या तशी वाचली तर चालेल का? चालत असेल तर खोडा.

एक द्विपदी जमवताना

प्रश्नचिन्हांचा प्रसंग कवितेचा कणा होता, त्यामुळे त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पहिला खर्डा असा:

दोन वाजता बिल हे आले,
नावाजागी प्रश्नच झाले.

मात्रा सोळा-सोळा, यमकही पक्कं. तरी मेलेली. 'हे' भरीला घातलेलं आहे, आणि आले–झाले म्हटल्यावर बातमी वाचल्यासारखं वाटतं. त्या क्षणी खोलीत लोक काय बोलले असतील याचा विचार केला. कोणीतरी ओरडलं असणार, "अरे, हे नाव कुणाचं?" मग असं झालं:

दोन वाजता पहिले बिल ते,
नाव कुणाचे? प्रश्नच नुसते!

दोन वाजता आठ, पहिले बिल ते आठ. नाव कुणाचे आठ, प्रश्नच नुसते आठ. मध्ये बोललेलं वाक्य आल्यामुळे म्हणणाऱ्याला आवाज बदलायला जागा मिळाली. 'बिल ते–नुसते' हे यमक कागदावर जरा दूरचं दिसतं, कानाला चालतं.

कोड आणि डेटाच्या भांडणाला मात्र वेळ लागला नाही. 'गोड' आणि 'खोड' कागदावर होतेच. त्या ओळी पंधरा मात्रांवर संपतात, पण ओळीचं शेवटचं अक्षर लांबवून दोन मात्रांचं करायची मुभा असते. 'गोड'मधला ड थोडा ओढायचा, टाळी बरोबर पडते.

घरच्यांसाठी एक द्विपदी ठेवायचीच. ती शेवटून दुसरी ठेवावी. शेवटी ठेवली तर कार्यक्रम हळवा होऊन बसतो आणि पुढच्या नाचाच्या मुलांची पंचाईत होते. शेवटी सुरुवातीची ओळ परत आणून विनोदावर सोडायचं.

पूर्ण कविता अशी झाली:

मे महिन्यातिल ऊन बरे हो,
त्याहुन सर्व्हर गरम, खरे हो!

सात जणांची टीम आमची,
गोष्ट ऐकवू एक रातची.

बेचाळिस त्या जुन्या फाइली,
एकेकीची धूळ झाडली.

दोन वाजता पहिले बिल ते,
नाव कुणाचे? प्रश्नच नुसते!

काना नाही, मात्रा नाही,
प्रश्न माजले दिशांत दाही.

कोड म्हणाला, मी तर गोड,
डेटा म्हणतो, तुझीच खोड!

चार वाजता चहा उकळला,
घोटासरशी दोषहि कळला.

सहा वाजता बिले निघाली,
काना-मात्रा जागी आली.

ज्यांनी झाकुन ठेवलि भाकर,
त्यांच्या जीवावर हा सर्व्हर!

मे महिन्यातिल ऊन बरे हो,
आता सर्व्हर गार, खरे हो!

यात खोट आहे, ती सांगतो. 'त्यांच्या जीवावर' या ओळीत आठवी मात्रा 'जीवा'वर संपते आणि मधला थांबा शब्दाच्या पोटात येतो. म्हणणाऱ्याने तिथे न थांबता ओळ एका दमात म्हणायची. मला दुसरा शब्द सापडला नाही आणि 'सर्व्हर' सोडवेना. 'फाइली–झाडली'सुद्धा ओढूनताणून आहे. बेचाळीस हा आकडा मात्र मुद्दाम ठेवला. कवितेत एकच मोठा खरा आकडा असला तर तो लक्षात राहतो.

स्टेजवर

कविता लिहिणाऱ्यानेच म्हणावी असं काही नाही. आमच्या वेळी टीममधल्या दोघांनी म्हटली. निवेदन एकाने, बोललेल्या ओळी दुसऱ्याने. कोड आणि डेटाची द्विपदी दोन आवाजांत आल्यावर घरच्यांनाही कळलं की हे भांडण आहे.

मोबाइलवरून वाचू नका. स्क्रीन मधेच बंद होते, नाहीतर वरून कोणाचा तरी मेसेज उतरतो. एका कागदावर मोठ्या अक्षरात छापा, द्विपदींमध्ये जागा सोडा आणि जिथे थांबायचं तिथे तिरकी रेघ मारा. हशा आला की पुढची ओळ लगेच सुरू करायची नाही. नवखा माणूस हमखास इथेच चुकतो, त्याची चांगली ओळ हशाखाली बुडते.

पाठीमागच्या पडद्यावर कविता लावायचा आग्रह होतो. नाही म्हणा. लोक आधीच वाचून मोकळे होतात आणि विनोदाच्या जागी शांतता पसरते. आम्ही पडद्यावर एकच गोष्ट लावली. 'प्रश्नच नुसते' म्हणताक्षणी त्या बिलाचा फोटो, गिऱ्हाइकाचा पत्ता आणि रकमा झाकून. ज्यांना मराठी कविता फारशी कळत नव्हती तेही तिथे हसले.

तालमीत ऑफिसबाहेरच्या एका माणसाला ऐकवा. मी आमच्या शेजारच्या काकूंना ऐकवली, त्या घरी तेलुगू बोलतात. पहिल्या खर्ड्यात 'बॅकअप' आणि 'रोलबॅक' होते. काकू म्हणाल्या, "ते मधलं काय ते सोडून दे बाबा, चहाचं चांगलंय." दोन्ही शब्द त्याच दिवशी गेले.

स्मरणिकेत छापायला देताना

शेवटचं काम छपाईचं. 'महिन्यातिल', 'बेचाळिस', 'ठेवलि', 'झाकुन' हे शब्द प्रूफ वाचणारा चूक समजून दुरुस्त करतो आणि ओळी लंगड्या होतात. फाइलबरोबर 'वृत्तासाठी ऱ्हस्व, असेच छापावे' अशी चिठ्ठी द्या. आणि छापखान्यात अजून जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट वापरतात का ते विचारा. वापरत असतील तर कवितेची पीडीएफही सोबत द्या, म्हणजे मूळ काय होतं ते त्यांना बघता येईल. मी विचारलं नव्हतं. स्मरणिकेचं पहिलं प्रूफ आलं तेव्हा शीर्षक नीट होतं आणि त्याखाली वीस ओळी नुसती प्रश्नचिन्हं. ते प्रूफ टेस्टिंगवाल्या ताईंनी मागून घेतलं आणि त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर चिकटवलंय, खाली बग क्रमांक घालून.